बावन्न वजा सत्तावीस

तिसरीतला मुलगा पाटीवर ५२ − २७ मांडतो आणि उत्तर लिहितो ३५. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले. गणित कोपऱ्यासाठी पैसे मागायचे असतील, तर पत्राची सुरुवात या पाटीपासूनच करावी.

बहुतेक पत्रे तशी नसतात. ‘मा. अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती, यांस’ असा मायना, ‘विद्यार्थ्यांत गणिताची आवड निर्माण व्हावी’ हे एक वाक्य आणि खाली रक्कम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. ‘आवड’ या शब्दावरून त्यांना काय कळणार? चुकलेले उदाहरण मात्र लगेच कळते, कारण त्यांच्याही घरात तशीच वही असते.

समजा, चाळीस मुलांच्या वर्गाच्या बाई पत्र लिहीत आहेत. चार-चार मुलांचे दहा गट, प्रत्येक गटाला शंभर आईस्क्रीमच्या काड्या. अंदाजे खर्च असा: हजार काड्या ५०० रुपये, रबर ६०, हजार मणी आणि दोरा ४००, खेळातल्या नोटा ३००, दहा डबे ३००. हरवणे-मोडणे धरून आणखी २४०. एकूण १,८०० रुपये. भाव गावागणिक बदलतात, म्हणून सोबत दुकानदाराचे दरपत्रक जोडायचे. सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. त्यातून शैक्षणिक साहित्य घेता येते, हेही पत्रात नोंदवावे.

आता त्या काड्यांनी होते काय? मुलगा पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या मांडतो. सात सुट्ट्या काढायच्या तर त्या आहेतच दोन. मग त्याला स्वतःच्या हाताने एका गठ्ठ्याचा रबर सोडावा लागतो. चार गठ्ठे, बारा सुट्ट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. पंचवीस. ‘हातचा घेणे’ म्हणजे काय, ते त्या सुटलेल्या रबरात दिसते.

गठ्ठे मात्र मुलांनीच बांधायला हवेत. आयते दिले, तर काही मुले गठ्ठ्यातल्या काड्याही एक-एक करून मोजत बसतात. दहाचा एक दशक त्यांच्या मनात अजून झालेला नाही, हे तिथे ओळखावे. काहींच्या गठ्ठ्यात नऊच निघतात, म्हणून आधी अदलाबदल करून तपासायचे. आणि काडी हलली की लगेच पाटीवरचा आकडाही बदलायचा. नाहीतर काड्यांचा खेळ एकीकडे राहतो, वहीतली वजाबाकी दुसरीकडे.

पत्राच्या शेवटी बाईंनी दोन गोष्टी लिहाव्यात. साहित्य कपाटात कुलूपबंद न राहता खिडकीखालच्या फळीवर, मुलांच्या हाताशी राहील. आणि हातच्याची दहा उदाहरणे आज सोडवून घेतली आहेत. तशीच दहा तीन महिन्यांनी काड्यांशिवाय देऊन दोन्ही वेळचे कागद बैठकीत ठेवले जातील.