फ्लॅश पडत नाही? आधी तो कधी चुकतो ते पाहा

लग्नात अंतरपाट दूर होतो तो क्षण दोन सेकंदांचा असतो. तेवढ्यात फ्लॅश पडला नाही, तर तो फोटो पुन्हा मिळत नाही. आपल्यापैकी अनेक घरांत डीएसएलआर कॅमेरा आणि वर बसवायचा वेगळा फ्लॅश आहे. गणेशोत्सव, हळदीकुंकू, मुंज अशा वेळी तो बाहेर निघतो आणि नेमका तेव्हाच रुसतो. बहुतेक वेळा फ्लॅश बिघडलेला नसतो. दोष संपर्कबिंदूंत, सेटिंगमध्ये किंवा सेलमध्ये असतो. यांपैकी नेमका कुठे, हे फ्लॅश चुकण्याच्या पद्धतीवरून ओळखता येते.

पहिली तपासणी कॅमेऱ्याशिवाय करावी. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून चालू करा. मागचा दिवा लागू द्या आणि चाचणीचे बटण दाबा. बऱ्याच फ्लॅशवर तो तयार असल्याचा दिवाच बटणाचेही काम करतो. उजेड पडला, तर सेल आणि आतली नळी ठीक आहेत. मग दोष फ्लॅश आणि कॅमेरा यांच्या जोडणीत किंवा सेटिंगमध्ये शोधावा. उजेड पडला नाही, तर आधी सेल बदलून पाहा.

आता कॅमेऱ्यावर बसवून ओळीने दहा फोटो काढा आणि फ्लॅश कसा चुकतो ते पाहा.

एकदाही पडत नसेल तर बहुधा सेटिंग

चाचणीच्या बटणाने पडणारा फ्लॅश कॅमेऱ्यावर एकदाही पडत नसेल, तर त्याच्या पडद्यावरचे अक्षर पाहा. तेथे TTL किंवा M हवे. S1 किंवा S2 असेल, तर तो दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसण्याची वाट पाहत बसतो आणि आपल्या कॅमेऱ्याचा इशारा मानत नाही. पिशवीत ठेवताना बटण दाबले जाऊन असे सहज होते.

मग कॅमेऱ्याकडे वळा. कॅननच्या मेनूत Flash control खाली Flash firing असते. तेथे Disable असेल तर Enable करा. मिररलेस कॅमेऱ्यात आवाज न करणारे शटर चालू असेल, तर बहुतेक मॉडेल फ्लॅश पडूच देत नाहीत. व्याख्यानासाठी चालू केलेले ते शटर आठवड्याने लग्नातही तसेच राहिलेले असते.

आणखी एक गोष्ट फ्लॅश विकत घेण्याआधीच माहीत हवी. कॅननच्या १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क २ या मॉडेलांच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश सरकवून बसवायच्या खाचेत, मधला मोठा संपर्कबिंदू नाही. स्वस्त साधे फ्लॅश फक्त त्या मधल्या बिंदूवर चालतात, म्हणून ते या कॅमेऱ्यांवर पडत नाहीत. कितीही पुसले तरी उपयोग नाही. तेथे कॅननच्या लहान बिंदूंशी बोलणारा फ्लॅशच लागतो.

केव्हाही, कसाही चुकत असेल तर संपर्क

पहिला, चौथा, पाचवा पडला आणि मधले गेले. फ्लॅश हाताने किंचित हलवला की पडतो. असा प्रकार असेल तर संपर्क नीट होत नाही. आधी फ्लॅश खाचेत शेवटपर्यंत सरकला आहे ना आणि कडी घट्ट आहे ना, ते बघा. अर्धा मिलिमीटर मागे राहिला तरी बिंदू जुळत नाहीत.

तरीही चुकत असेल तर सफाई करा. सुरतच्या दमट हवेत, समुद्र जवळ असल्यामुळे, वर्षभर कपाटात पडलेल्या धातूवर पातळ थर बसतो. कॅमेरा आणि फ्लॅश दोन्ही बंद करा. फ्लॅशच्या पायाच्या तळाशी असलेले बिंदू पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा आणि भुगा झटकून टाका. नंतर कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब घेऊन पुसा. कॅमेऱ्याच्या खाचेतले बिंदू आणि बाजूच्या धातूच्या पट्ट्या याच काडीने पुसा, कारण परतीचा विद्युतमार्ग त्या पट्ट्यांतून जातो. पॉलिश पेपर वापरू नका. त्याने वरचा मुलामा निघतो आणि पुढे गंज लवकर चढतो.

ठरावीक अंतराने चुकत असेल तर सेल आणि भरण्याचा वेळ

पहिला फोटो उजळ, लगेचचे दोन अंधारे, थोडे थांबले की पुन्हा उजळ, असे होत असेल तर फ्लॅश भरायला वेळ घेतो आहे. फ्लॅशमध्ये एक कपॅसिटर असतो. सेलमधली वीज त्यात सुमारे ३०० व्होल्टपर्यंत साठते आणि फ्लॅश पडताना रिकामी होते. पुन्हा भरायला लागणारा वेळ म्हणजे रिसायकल टाइम.

समजा, हळदीकुंकवाला पंचवीस जणींचा तीन रांगांचा फोटो घ्यायचा आहे. फ्लॅश M मध्ये १/१, म्हणजे पूर्ण ताकदीवर आहे. कॅमेऱ्याचा आयएसओ २०० आहे आणि सेल थोडे वापरलेले असल्यामुळे भरायला ५ सेकंद लागतात. डोळे मिटणाऱ्यांसाठी आपण सहा सेकंदांत तीन फोटो घेतले, तर पहिला चांगला येईल आणि नंतरचे बिघडतील. आता आयएसओ ८०० करा आणि फ्लॅश १/४ वर आणा. फ्लॅशमुळे पडणारा उजेड फोटोत तेवढाच दिसेल. पण दर वेळी वीज चौथाईच खर्च होते, म्हणून भरायला सव्वा सेकंदाच्या आसपास लागेल आणि तेच सेल जवळजवळ चौपट फोटो देतील. आयएसओ वाढल्याने थोडे दाणे दिसतील, पण घरच्या अल्बमच्या छपाईत ते सहसा जाणवत नाहीत.

सेल बदलताना चारही एकदम बदला. एक जुना राहिला तर तोच बाकीच्यांना मागे ओढतो. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी साध्या १.५ व्होल्टच्या अल्कलाइन सेलपेक्षा फ्लॅश लवकर भरतात, कारण ते एकदम जास्त प्रवाह देऊ शकतात. ओळीने वीस-तीस पूर्ण ताकदीचे फ्लॅश मारले तर अनेक फ्लॅश तापून स्वतःच वेग कमी करतात. तेव्हा सेल बदलून उपयोग नाही, दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते.

कार्यक्रम संपला की सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळून पांढरी भुकटी जमली असेल, तर हातमोजे घालून काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा आणि कोरडे होऊ द्या.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. फ्लॅश उघडू नका, कारण सेल काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जोराचा झटका देण्याइतकी वीज राहते. आणि रोल कॅमेऱ्याच्या काळातला जुना फ्लॅश डिजिटल कॅमेऱ्यावर तसाच चढवू नका. त्यांपैकी काहींच्या संपर्कबिंदूवर दोनशे व्होल्टहून जास्त दाब असतो आणि त्याने कॅमेऱ्याचे सर्किट जाऊ शकते.

कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी ताजे सेल घालून घरातच दहा फोटो काढून पाहा. दहाही पडले, तर दुसऱ्या दिवशी फक्त अक्षर M किंवा TTL आहे ना, एवढेच पाहायचे उरते.