मनगट आणि चेन यांच्यामधली जागा

नवं घड्याळ घेतल्यावर दुकानातला कारागीर चेन मनगटाभोवती लावून बघतो, खाली किती लोंबते त्याचा अंदाज घेतो आणि दोन-तीन कड्या काढून देतो. पाच मिनिटांचं काम. बरेचदा ते ठीकही जमतं. पण दुकानात एसी चालू असतो, आपण बराच वेळ काउंटरपाशी उभे असतो आणि मनगट गार पडलेलं असतं. तिथे अगदी बेताची वाटलेली चेन मे महिन्यातल्या दुपारी, बसमधून उतरून घरी चालत येईपर्यंत रुतायला लागते. यात कारागिराचा दोष फारसा नाही. त्याने त्या क्षणीचं मनगट मोजलं. दिवसभरातलं मनगट त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

मनगटाचा घेर दिवसभर एकसारखा राहत नाही. उकाड्यात कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, हात किंचित सुजतात. बराच वेळ चालल्यावर, व्यायामानंतर, खारट जेवणानंतर किंवा लांबच्या विमानप्रवासातही तसंच होतं. पहाटेच्या थंडीत उलट. हा फरक काही मिलिमीटरचाच असतो, पण पोलादी चेनीला काही मिलिमीटर म्हणजे खूप. घड्याळ बनवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. रोलेक्सच्या काही घड्याळांच्या लॉकमध्ये ईझीलिंक नावाची घडीची कडी असते. ती उघडली की चेन साधारण ५ मिलिमीटरने वाढते. एवढी खटपट केली आहे ती याच फुगण्या-आकसण्यासाठी.

म्हणून मनगट मोजायचं ते संध्याकाळी, थोडी हालचाल झाल्यावर. शिंप्याची टेप उत्तम. ती नसेल तर कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून खूण करावी आणि पट्टी फूटपट्टीवर मोजावी. दोरा घेऊ नये, तो ताणला जातो आणि मांसात रुततो. ज्या हातात घड्याळ घालणार तोच हात मोजावा, कारण दोन्ही मनगटं सारखी असतातच असं नाही. करंगळीच्या बाजूला मनगटावर हाडाचा जो उंचवटा लागतो, त्याच्या अलीकडे, म्हणजे कोपराच्या बाजूला, बहुतेकांचं घड्याळ बसतं. टेप तिथेच हवी, थेट हाडावर नको. पंजा सैल सोडलेला असावा, मूठ आवळली की घेर बदलतो. टेप कातडीला लागावी, पण दाबू नये. या मापात स्वतःहून काहीही वाढवायचं नाही. मोकळी जागा नंतर, हिशेबाने धरायची.

ती किती धरायची? पोलादी चेनीसाठी मी घेरापेक्षा १० मिलिमीटर जास्त इथून सुरुवात करावी असं म्हणेन. ऐकायला १ सेंटिमीटर पुष्कळ वाटतो. पण घेर वाढला की तो चहूबाजूंनी वाटला जातो. घेरातले १० मिलिमीटर म्हणजे मनगट आणि चेन यांच्यामध्ये सगळीकडून जेमतेम १.६ मिलिमीटर. उकाड्यात घेर ६ मिलिमीटरने वाढला तर यातली निम्म्याहून जास्त जागा तिथेच संपते. ४–५ मिलिमीटरची अर्धी कडी काढली काय नि ठेवली काय, असं म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा. अर्ध्या कडीने सगळीकडची जागा पाऊण मिलिमीटरने कमी होते, आणि कातडीला ते लगेच कळतं.

आता चेनीचं माप. सगळ्यात मोठी गफलत इथे होते. चेन किंवा पट्टा टेबलावर सरळ पसरून लांबी मोजली, घड्याळाची लांबी त्यात मिळवली, आणि तो घेर समजला. पण पसरलेला पट्टा गोल वाकवला की त्याची आतली बाजू आखडते, बाहेरची ताणते. लांबी कायम राहते ती जाडीच्या मधोमध. त्यामुळे ३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्याचा आतला घेर पसरून घेतलेल्या मापापेक्षा सुमारे ९ मिलिमीटर कमी भरतो. पट्टा जितका जाड, तितका हा फरक मोठा. आपण ठरवलेली मोकळी जागा या एका चुकीत जवळजवळ पूर्ण जाते. मग ‘माप तर बरोबर घेतलं होतं, तरी घट्ट कसं?’ असा प्रश्न पडतो. उपाय सोपा आहे. चेनीचं लॉक लावायचं, कागदाची पट्टी आतून, घड्याळाच्या पाठीसकट सगळ्या कड्यांना टेकवत फिरवायची आणि टोकं जिथे मिळतील तिथे खूण करायची. मनगटाला भेटणारा घेर तोच.

एक हिशेब पूर्ण करून पाहू. मनगट १७० मिलिमीटर, हवा असलेला आतला घेर १८०. नव्या चेनीचा आतून मोजलेला घेर २०६. म्हणजे २६ मिलिमीटर जादा. एका कडीची लांबी ९ मिलिमीटर. ती मोजताना एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत मोजायची, कडीच्या कडांपासून नव्हे. आता लॉककडे बघायचं. घडीच्या लॉकच्या कडेला बारीक छिद्रांची रांग असते. चेनीचं टोक स्प्रिंगच्या काडीने त्यातल्या एका छिद्रात अडकवलेलं असतं, आणि काडी दाबून ते पुढच्या-मागच्या छिद्रात सरकवता येतं. या लॉकला पाच छिद्रं आहेत, ३ मिलिमीटर अंतरावर, आणि काडी मधल्या छिद्रात आहे असं धरू.

दोन कड्या काढल्या तर २०६ मधून १८ जाऊन १८८ उरतात. काडी घट्टीकडे दोन छिद्रं सरकवली की १८२. घालता येईल असं माप आहे. तीन कड्या काढल्या तर १७९, काडीला हात न लावता. हवं होतं त्यापेक्षा १ मिलिमीटर कमी. मी बेधडक तीन काढेन, आणि ते १ मिलिमीटर हे काही कारण नाही. दोन कड्यांच्या वाटेने गेलं तर लॉक घट्टीच्या शेवटच्या छिद्रावर पोचतं. डिसेंबरात मनगट आकसलं की पुढे जायला जागाच नाही. तीन कड्या काढल्यावर काडी मधोमध राहते. उन्हाळ्यात एक छिद्र सैल केलं की १८२, थंडीत एक घट्ट केलं की १७६. वर्षभराची सोय घरच्या घरी झाली. म्हणूनच कड्या मोजायला घेण्याआधी काडी मधल्या छिद्रात आणून ठेवायची असते. फुलपाखरासारख्या दोन्ही बाजूंनी मिटणाऱ्या लॉकला ही छिद्रं बहुधा नसतात. तिथे सगळी मदार कड्यांवर आणि असलीच तर अर्ध्या कडीवर. घामट, दमट हवेत रोज वापरायच्या घड्याळाला म्हणूनच मी छिद्रांचं लॉक पसंत करते.

तीन कड्या विषम आल्या. दोन्ही बाजूंनी एकेक काढायची आणि तिसरी सहाच्या आकड्याच्या बाजूची. तिथली बाजू किंचित आखूड राहिली की लॉक मनगटाखाली मधोमध येतं आणि घड्याळ वर सरळ राहतं. लॉक एका कडेला गेलं तर माप अचूक असूनही घड्याळ सारखं कलतं.

कड्यांच्या आतल्या बाजूला बाण कोरलेले असतात. पिन बाणाच्या दिशेने बाहेर ढकलायची आणि परत घालताना उलट दिशेने, चिरलेलं टोक शेवटी राहील अशी. काही चेनींत पिनेबरोबर एक इवलीशी नळी असते. काढताना ती निसटून पडते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ती नसेल तर पिनेला धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि काही दिवसांत घड्याळ हातातून गळून पडतं. म्हणून हे काम पांढऱ्या कापडावर करावं. काम झालं की सुती रुमाल कड्यांच्या कडेवरून फिरवावा. धागा अडकला तर पिन पुरती आत गेलेली नाही.

आता घालून पाहायचं. लॉकच्या बाजूने करंगळी चेनीखाली थोड्या प्रयत्नाने जावी. सहज जाऊन वर जागा उरली तर चेन सैल आहे, टोकच अडलं तर घट्ट. मग हात खाली सोडायचा. घड्याळ जरा पुढे सरकेल, सरकावंही, पण हाडाचा उंचवटा ओलांडून पंजावर येता कामा नये. हात कोपराकडून पंजाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे सैल घड्याळ नेहमी पंजाकडेच घसरतं. मग मनगट मागे वाकवलं की चावीचं बटण पंजाच्या पाठीवर टोचतं. तिथे वळ दिसला की लोक बटणाला नावं ठेवतात, पण दोष सैल चेनीचा असतो. सैल चेन दिवसभर हलत राहते, घाम आणि धूळ मिळून पिना नि त्यांची भोकं झिजवतात, आणि चेन आणखी सैल होते.

घट्टपणाची खूण घड्याळ काढल्यावर दिसते. फिकट ठसा थोड्या वेळात पुसला गेला तर चिंता नको. कड्यांची नक्षी खोल उमटली आणि बराच वेळ राहिली तर एक छिद्र सैल करावं. अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आल्या किंवा बधिर वाटलं तर ते मनावर घ्यावं. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर एक वरवरची नस जाते, आणि घट्ट पट्ट्याखाली ती दबू शकते. वॉर्टेनबर्ग नावाच्या डॉक्टरांनी १९३२ मध्ये या नसेच्या त्रासाचं वर्णन केलं, आणि त्यांचंच नाव त्याला मिळालं. घड्याळ सैल करूनही बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवावं.

चामड्याच्या पट्ट्याला १० मिलिमीटर नकोत, ५च्या आसपास पुरेत. चामडं हलकं असतं आणि हाताच्या आकाराला लवकर वळतं. छिद्रांमध्ये मात्र बहुधा ६–७ मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे हवं ते माप दोन छिद्रांच्या मधे पडू शकतं. अशा वेळी सैल छिद्र निवडावं. नव्या पट्ट्यात आपलं छिद्र मधलं यावं हे दुकानातच पाहून घ्यावं. ठोके मोजणाऱ्या स्मार्ट घड्याळाचा हिशेब वेगळा आहे. त्याची पाठ कातडीला टेकलेली लागते, नाहीतर हिरवा प्रकाश कडेने निसटतो आणि आकडे चुकतात. व्यायामापुरतं ते एक छिद्र आवळावं आणि नंतर लगेच सोडावं.

काढलेल्या तीन कड्या, त्यांच्या पिना आणि नळ्यांसकट, दुकानातून मागून घ्याव्यात आणि घड्याळाच्या डब्यात ठेवाव्यात. वजन वाढलं, घड्याळ मुलाला किंवा सुनेला द्यायचं झालं, तर त्याच लागतात. एखादं मॉडेल बंद झालं की त्याच रुंदीची, त्याच झिलईची कडी मिळणं फार अवघड असतं, आणि मग एका कडीसाठी सगळी चेनच बदलावी लागते.