केबलमध्ये तांबं किती?

चार्जिंगची केबल बनावट आहे का, हे बहुतेक जण खोक्यावरून ठरवतात. नकली माल बनवणारा सगळ्यात जास्त मेहनत नेमकी खोक्यावरच घेतो. पैसे तो आत वाचवतो, तांब्यात. म्हणून केबल तपासायची म्हणजे आत तांबं किती आहे याचा अंदाज घ्यायचा.

पहिला पुरावा केबलच्या अंगावरच छापलेला असतो. उजेडात तिरकी धरली की बारीक अक्षरांत ‘२८ एडब्ल्यूजी/१पी, २४ एडब्ल्यूजी/२सी’ असं काहीतरी दिसतं. छपाई अर्थात रोमन लिपीत असते. पहिला आकडा डेटाच्या जोडतारेचा, दुसरा वीज वाहणाऱ्या दोन तारांचा. इथे गणित उलटं आहे: आकडा जितका लहान, तितकी तार जाड. चार्जिंगसाठी दुसराच आकडा बघायचा. तो २४ किंवा त्याहून लहान असेल तर ठीक, २८ असेल तर तार बारीक. ‘सीई’ ही अक्षरं पाहून मात्र खूश होऊ नये. ती युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने स्वतःच केलेली घोषणा असते आणि छापायला शाईच लागते.

आता वजन. जड केबल चांगली, असं दुकानदार सांगतात. एक मीटर केबलमध्ये २४ नंबरच्या दोन तारांचं तांबं साधारण साडेतीन ग्रॅम भरतं, २८ नंबरच्या दोन तारांचं दीड ग्रॅमही नाही. म्हणजे चांगल्या-वाईटातला फरक दोनेक ग्रॅमचा. जाड प्लॅस्टिक किंवा वरची कापडी वेणी तो सहज झाकून टाकते. स्वयंपाकघरातल्या काट्याचा इथे उपयोग नाही. ग्रॅमचे अंश दाखवणारा छोटा डिजिटल काटा हवा, आणि शेजारी त्याच मॉडेलची, त्याच लांबीची अस्सल केबलही हवी. तशी जोडी मिळाली आणि एक केबल स्पष्ट हलकी भरली, तर संशय रास्त आहे. तांब्याऐवजी वर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम वापरलं असेल तरीही वजन घटतं. एकट्या केबलचं वजन काहीच सांगत नाही.

खरी परीक्षा रोधाची. साधा मल्टीमीटर इथे फसवतो, कारण चांगल्या केबलचा रोध पाव ओहमच्या आसपास असतो आणि मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच कधीकधी तेवढा निघतो. त्यापेक्षा व्होल्ट आणि ॲम्पिअर दाखवणारा छोटा यूएसबी टेस्टर आणि ठरावीक करंट ओढणारा लोड घ्यावा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन दोन्ही मिळतात.

आधी टेस्टर थेट चार्जरला लावा, पुढे लोड, करंट १ ॲम्पिअर. समजा ५.०८ व्होल्ट दिसले. मग चार्जर आणि टेस्टर यांच्यामध्ये केबल घाला. करंट तोच ठेवून ४.८५ दिसले, तर ०.२३ व्होल्ट वाटेत गळाले. करंट १ ॲम्पिअर असल्यामुळे रोध ०.२३ ओहम. मीटरभर लांबीला हे उत्तम. दुसऱ्या केबलवर ४.४७ दिसले, तर रोध ०.६१ ओहम: ही केबल बाजूला ठेवा. लोड चटके बसण्याइतका तापतो, तेव्हा तो फरशीवर ठेवलेला बरा.

अशा केबलवर ५ व्होल्टच्या चार्जिंगमध्ये फोन करंट कमी करतो, आपली तक्रार फक्त ‘सावकाश चार्ज होतो’ एवढीच राहते. ९ व्होल्टच्या फास्ट चार्जिंगमध्ये मात्र फोनला ती गळती फारशी जाणवत नाही, तो २ ॲम्पिअर ओढत राहतो आणि केबलमध्ये जवळजवळ अडीच वॅट उष्णता तयार होते. ती सगळ्या लांबीवर पसरली तर केबल कोमट लागते. एकाच कच्च्या जोडावर साचली तर प्लग वितळतो. म्हणून वाचन घेताना प्लग हलकेच हलवून पाहा. आकडा उड्या मारू लागला तर सरासरी कितीही चांगली असो, केबल टाकाऊ.

एक दोष मात्र या चाचणीत सापडत नाही. जुन्या चौकोनी प्लगवरून टाइप-सीकडे जाणाऱ्या केबलमध्ये ५६ किलोओहमचा एक रेझिस्टर असावा लागतो. त्यावरून फोनला कळतं की पलीकडचा चार्जर साधा आहे, बेताने ओढ. तिथे १० किलोओहमचा बसवला तर फोन ३ ॲम्पिअर मागतो, चार्जर किंवा लॅपटॉपचा पोर्ट तेवढं देण्याजोगा असो वा नसो. गूगलमधले अभियंता बेन्सन लिउंग यांनी २०१५ मध्ये अशा केबली एकेक करून तपासायला घेतल्या. २०१६ च्या फेब्रुवारीत एका केबलने त्यांचा लॅपटॉपच जाळला: तिच्यात रेझिस्टर चुकीचा होताच, शिवाय वीज आणि ग्राउंडच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमबाह्य टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली.

उलट्या तारा आणि चुकीचा रेझिस्टर पकडायला दोन्ही टोकं खोचून प्रत्येक पिनची जोडणी दाखवणारा केबल चेकर मिळतो. नवी केबल आधी त्यात घालावी, लोड नंतर लावावा.