विश्लेषण : बाळाची एक लस चुकली, तर पुढच्या तारखा कशा बदलतात?

लासूर स्टेशन परिसरात बाळाच्या लसींना कोणी फारसे नावाने ओळखत नाही. दीड महिन्याची, अडीच महिन्यांची, साडेतीन महिन्यांची, मग नऊ महिन्यांची, अशी भाषा असते. बोलायला ती सोपी आहे, पण एक फेरी चुकली की नेमकी हीच भाषा घोळ घालते. अडीच महिन्यांची राहून गेली आणि बाळ साडेतीन महिन्यांचे झाले, तर आता कोणती द्यायची? मधली गेलीच का? की पहिल्यापासून सुरू करायचे?

मधली लस ‘गेली’ असे होते का?

नाही, आणि पहिल्यापासूनही सुरू करावे लागत नाही. आधी दिलेला डोस वाया जात नाही. कितीही खंड पडला तरी मोजणी जिथे थांबली तिथून पुढे चालते. अडीच महिन्यांच्या लसीचे खरे नाव ‘दुसरा डोस’. पहिल्यानंतर जो डोस मिळेल तो दुसराच, मग बाळाचे वय साडेतीन महिने असो वा सात. बदलते ती फक्त तारीख आणि ती ठरवणारा नियम अंतराचा असतो. पेंटाव्हॅलंट, पोलिओचे थेंब आणि रोटा या तिन्हींच्या दोन डोसांत किमान २८ दिवस हवेत.

प्रत्यक्ष हिशोब कसा होतो?

समजा, एका मुलीचा जन्म ८ जुलै २०२५ चा आहे. सहा आठवडे १९ ऑगस्टला भरले आणि त्या दिवशी तिला पहिला डोस मिळाला. पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलची (पीसीव्ही) इंजेक्शने, दंडावर त्वचेत टोचलेली पोलिओची लस (आयपीव्ही), शिवाय पोलिओचे आणि रोटाचे थेंब. पुढची तारीख होती १६ सप्टेंबर. त्या दिवशी मुलीला सर्दी होती, अंग किंचित गरम होते. आजी म्हणाली, आज नको. फेरी चुकली.

वास्तविक साधी सर्दी, खोकला किंवा बारीक ताप हे लस टाळण्याचे कारण नाही. बाळ रुग्णालयात दाखल करण्याइतके आजारी असेल किंवा आधीच्या डोसानंतर गंभीर त्रास झाला असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांना विचारूनच पुढे जायचे. ‘आज नको’ म्हणून हुकलेल्या फेऱ्यांत सर्दीवाल्या फेऱ्या बऱ्याच असतात, हे कोणत्याही आशाताईंना विचारले तरी कळेल.

ती मुलगी १४ ऑक्टोबरला सत्रावर आली. वय बरोबर १४ आठवडे. आई म्हणते, ‘साडेतीन महिन्यांची द्या.’ पण कार्डावर पेंटाचा एकच डोस आहे, म्हणून आज पेंटा, पोलिओचे थेंब आणि रोटा यांचा दुसरा डोस. पीसीव्ही आणि आयपीव्हीची गोष्ट निराळी आहे. त्या मुळातच अडीच महिन्यांना नसतात. त्यांचा दुसरा डोस साडेतीन महिन्यांनाच असतो आणि पहिल्यापासून आठ आठवड्यांचे अंतर लागते. १९ ऑगस्ट ते १४ ऑक्टोबर हे दिवस मोजले, तर बरोबर ५६ भरतात. म्हणजे या दोन लसी उशिरा झाल्याच नाहीत, त्याही आजच.

एक फेरी चुकल्याने मागे पडल्या त्या तीनच लसी. त्यांचा तिसरा डोस २८ दिवसांनी, ११ नोव्हेंबरला. नऊ महिन्यांची तारीख, म्हणजे ८ एप्रिल २०२६, जागची हलत नाही. ती वयावर ठरते. त्या दिवशी गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर आणि आयपीव्हीचा तिसरा डोस. म्हणून ‘एक महिना उशीर झाला, आता पुढचे सगळेच महिनाभर ढकलू’ हा हिशोब चुकीचा आहे. त्यात गोवराची लस विनाकारण लांबते.

उलटी घाईही नको. मागे राहिलेला डोस भरून काढायला १५ दिवसांत पुन्हा आणले, तर तो डोस धरला जात नाही. ११ नोव्हेंबरला गावात सत्र नसेल, तर त्यानंतरचे सत्र चालते, आधीचे नाही.

कुटुंब ऊसतोडीला गेले तर?

दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातली अनेक कुटुंबे कारखान्यावर जातात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. या मुलीचे आईवडील नोव्हेंबरच्या सुरुवातीला निघाले, तर तिसरा डोस फडाजवळच्या आरोग्य केंद्रात मिळू शकतो. सरकारी लस कोणत्याही गावात मोफत आहे, पत्त्याची अट नाही. फक्त कार्ड बोचक्यात हवे, घरच्या पेटीत नव्हे.

तिथे जमले नाही आणि कुटुंब १४ एप्रिलला परतले, तर राहिलेला तिसरा डोस आणि नऊ महिन्यांच्या लसी एकाच दिवशी देता येतात. त्यात चार इंजेक्शने होतात आणि पाहणाऱ्याला धास्ती वाटते. पण जागा ठरलेल्या आहेत. पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही उजव्या मांडीत, गोवर-रुबेला उजव्या दंडात, आयपीव्हीचा तिसरा डोस डाव्या दंडात. चारही वेगवेगळ्या ठिकाणी बसतात. ‘दोन आज, दोन पुढच्या महिन्यात’ असे करण्याची गरज नाही. पुढचा महिना पुन्हा हुकतो, हा अनुभव आहे.

मग उशिराला मर्यादाच नाही का?

आहे आणि ती लसीगणिक वेगळी आहे. जन्मानंतरची कावीळ-ब ची लस २४ तासांत, पोलिओचा शून्य डोस १५ दिवसांत. ही वेळ टळली की ते डोस नंतर देत नाहीत. बीसीजी एक वर्षापर्यंत देता येते. रोटा आणि पेंटाचा पहिला डोस एक वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. सुरू झालेला असेल तर वर्ष उलटल्यावरही पुढचे डोस पूर्ण करतात. पेंटाचा एकही डोस झाला नसेल तर वर्षानंतर त्याऐवजी त्रिगुणी लस दिली जाते. गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत मिळते, दोन डोसांत चार आठवड्यांचे अंतर ठेवून.

तारीख लक्षात कशी ठेवायची?

माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेला महिना पाहू नका, सिस्टरने हाताने लिहिलेली पुढची तारीख पाहा. फेरी चुकल्यावर घोळ होतो तो इथेच, छापील रकाना एक सांगतो आणि हिशोब दुसरे. प्रत्येक डोसानंतर कार्डाचा फोटो काढून घ्यावा. कार्ड हरवले, तर तोच आधार.

केंद्राच्या यू-विन पोर्टलवर नोंद असेल, तर मोबाइलवर संदेश येतो आणि प्रमाणपत्रही उतरवून घेता येते. मात्र बाळंतपण माहेरी झालेले असते आणि नोंदीत मामाचा किंवा आजोबांचा नंबर असतो. आई लासूरला सासरी आणि संदेश माहेरच्या फोनवर, असे होते. पुढच्या सत्राला सिस्टरकडून नोंदीतला नंबर तपासून घ्यावा. खासगी दवाखान्यात एखादा डोस घेतला असेल तर तोही याच कार्डावर लिहून आणावा, कारण खासगी वेळापत्रक थोडे वेगळे असते आणि सत्रावर हिशोब कार्डावरूनच होतो.