कंपनी नोंदवायची आहे? आधी नाव, मग बाकीचे

समजा, नागपुरातल्या दोन मैत्रिणींना मसाल्यांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढायची आहे. त्या दोघीच संचालक आणि दोघीच भागधारक असल्या तरी कायद्याला पुरते.

कंपनी कामकाज मंत्रालयाच्या पोर्टलवर SPICe+ हा अर्ज असतो. त्याच्या पहिल्या भागात दोन नावे सुचवता येतात, शुल्क १,००० रुपये. आपली बहुतेक मुले इथेच अडकतात. ‘समता फूड्स’ नावाची कंपनी आधीच असेल, तर ‘समता फूड’ किंवा ‘समता फूड्स नागपूर’ चालत नाही. अनेकवचन काढले किंवा गावाचे नाव जोडले, तर ते वेगळे नाव मानत नाहीत. म्हणून नोंदलेल्या कंपन्या आणि ट्रेडमार्क दोन्ही आधी तपासावेत.

मंजूर नाव २० दिवस राखून ठेवतात. दोघींची डिजिटल सही आधीच काढून ठेवलेली बरी, कारण त्याच मुदतीत दुसरा भाग भरायचा असतो. व्यवसाय कोणता हे सांगणारे मेमोरँडम आणि कारभाराचे नियम सांगणारे आर्टिकल्स त्यासोबत जातात. संचालक क्रमांकही याच अर्जातून मिळतो.

कार्यालय वडिलांच्या घरी असेल तर त्यांचे ना-हरकत पत्र आणि दोन महिन्यांच्या आतले वीजबिल लागते. बिलावरचा आणि अर्जातला पत्ता जुळला नाही, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो.

भांडवल १५ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी शुल्क नाही. मुद्रांक शुल्क मात्र राज्यानुसार लागते. छाननीनंतर कंपनीचा ओळख क्रमांक असलेले प्रमाणपत्र ईमेलवर येते, पॅन आणि टॅनसह.