‘मी दमलो’ की ‘मी दमले’?

इंग्रजी कथेत दूरध्वनीवर एक आवाज म्हणतो, ‘आय ॲम टायर्ड. आय विल कम टुमॉरो.’ बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे लेखकाने अजून सांगितलेले नाही. मराठी अनुवादकाला मात्र पहिल्याच क्रियापदाशी थांबावे लागते. ‘मी दमलोय, उद्या येतो’ लिहिले तर पुरुष, ‘मी दमलेय, उद्या येते’ लिहिले तर स्त्री. मुळात झाकलेली गोष्ट इथे एका मात्रेने उघडी पडते.

मराठीची सगळीच क्रियारूपे अशी चहाडी करत नाहीत. ‘येतो-येते’ हे ताख्यात आणि ‘दमलो-दमले’ हे लाख्यात ही दोन्ही मुळात धातुसाधित विशेषणांपासून आलेली रूपे आहेत. विशेषण म्हटले की लिंग आलेच. ‘येईन’ हे ईलाख्यात मात्र जुन्या, शुद्ध क्रियापदी रूपावरून आले आहे, म्हणून ते बाई-पुरुष दोघांच्या तोंडी सारखेच. हिंदीला ही सोय नाही. तिथे भविष्यकाळातही ‘आऊँगा’ आणि ‘आऊँगी’ वेगळे होतात. मराठीत नकारातही लिंग लपते: ‘मी येतो-येते’, पण दोघांचेही ‘मी येत नाही’. ‘मी येत आहे’ हेही तसेच; बोलीतले ‘येतोय-येतेय’ मात्र लगेच सांगून टाकते.

तेव्हा त्या दूरध्वनीवरच्या आवाजासाठी ‘दमायला झालंय. उद्या येईन’ असे लिहिता येते. लिंग झाकले गेले, आणि वाक्य अस्सल मराठीही राहिले. पण त्याची किंमत मोजावी लागते. ‘उद्या येतो’ म्हणणाऱ्याचे येणे ठरलेले असते. ‘उद्या येईन’मध्ये शब्द दिलेला असला तरी एक फट राहते. ‘मी दमले’ म्हणणारी स्वतःबद्दल बोलते. ‘दमायला झालंय’मध्ये दमणे कुठूनसे येऊन अंगावर बसते. ‘थकवा आलाय’ म्हटले तर आजारपणाचा वास येतो. पात्र टाळाटाळ करणारे असेल तर ‘येईन’ शोभते. शब्दाला पक्के असेल तर त्याच्या तोंडी ते खोटे वाटते.

एका संवादापुरते हे निभते. अख्खी कादंबरी तशी असेल तर? जेनेट विंटरसन यांच्या ‘रिटन ऑन द बॉडी’ (1992) या कादंबरीत निवेदक शेवटपर्यंत ‘मी’ आहे, आणि तो की ती हे लेखिकेने कुठेच सांगितलेले नाही. असे निवेदन मराठीत आणायचे तर आधाराला येतो आपला कर्मणी प्रयोग. ‘मी दार उघडलं, दिवा लावला, पत्र वाचलं’ यात क्रियापद दार, दिवा आणि पत्र यांच्यामागे जाते, ‘मी’च्या मागे नाही. अडचण होते ती जाणे, येणे, उठणे, बसणे या अकर्मक क्रियांत. तिथे ‘ऊन’ प्रत्यय उपयोगी पडतो: ‘मी उठलो आणि दार उघडलं’ऐवजी ‘उठून दार उघडलं’. मात्र काही सकर्मक धातू दगा देतात. विसरणे, शिकणे, म्हणणे यांना कर्म असूनही आपण ‘मी पत्ता विसरलो’ किंवा ‘विसरले’ असेच म्हणतो. तिथे ‘पत्ता आठवेना’ असा वळसा घ्यावा लागतो. पण असे वळसे फार झाले, की ‘मला वाटलं, मला दिसलं, मला सुचलं’ म्हणणारा निवेदक काही करतच नाही, सगळे त्याला होत राहते, असे वाचकाला वाटू लागते. मूळ निवेदक धडाडीचा असेल, तर हा लिंगबदलाइतकाच मोठा बदल झाला.

आणखी एक गाठ बोलीची आहे. घोडपदेव, लालबाग, परळ या गिरणगावात कोकणातली आणि घाटावरची कुटुंबे शेजारी शेजारी राहिली. कोल्हापूरकडच्या बायका सहज ‘मी येतो’, ‘मी जातो’ म्हणतात. कोकणी वळणाच्या घरांतून ‘मी येत्ये’, ‘मी जात्ये’ ऐकू येई. म्हणजे ‘येतो’ ऐकले की बोलणारा पुरुषच, हा प्रमाण मराठीचा नियम आहे, साऱ्या मराठीचा नाही. कथेतल्या कोल्हापुरी बाईच्या तोंडचा ‘येतो’ मुद्रितशोधकाने ‘येते’ केला, तर व्याकरण सुधारते आणि बाईचे गाव पुसले जाते. उलट बाजूने, अनुवादकाने निनावी आवाजाला ‘येतो’ दिले, तर बहुतेक वाचक पुरुषच समजणार. बोलीची ढाल तिथे चालत नाही.

अनुवाद तपासताना म्हणून एक साधी रीत उपयोगी पडते. ‘मी’ असलेली वाक्ये तेवढी बाजूला काढावीत आणि प्रत्येकापुढे विचारावे, बोलणाऱ्याचे लिंग मुळातल्या वाचकाला इथवर कळले आहे का? कळले असेल, तर ‘दमलो’ किंवा ‘दमले’ निःशंक लिहावे. तिथे ‘दमायला झालंय’ची लपवाछपवी उगाच ठरते. कळले नसेल, तर ते मुळात मुद्दाम झाकले आहे की इंग्रजीच्या ओघात केवळ राहून गेले आहे, हे ठरवावे. मुद्दाम झाकले असेल तरच वळशांची किंमत मोजावी. राहून गेले असेल, तर पुढची पाने वाचून तो की ती ते शोधावे, आणि मराठीला तिचा प्रत्यय लावू द्यावा.