म्हाताऱ्या मांजरीच्या घरात पिल्लू आणताना

टू बीएचके फ्लॅट, त्यात अकरा वर्षांची, बेल वाजली की पलंगाखाली शिरणारी मांजरी आणि येऊ घातलेलं दोन महिन्यांचं लॅब्रॅडोरचं पिल्लू, असं घर धरून चालू. अशा घरांत बहुतेकदा पहिल्याच दिवशी पिल्लू मांजरीच्या नाकासमोर धरतात आणि ‘होईल हळूहळू सवय’ म्हणतात. सवय होत नाही. पिल्लू म्हणजे संकट, एवढंच तिच्या डोक्यात पक्कं बसतं.

पिल्लू येण्याआधीच आतली खोली मांजरीच्या नावे करून टाकावी. तिथे तिचं खाणं, पाणी आणि त्यापासून लांब वाळूचा ट्रे. कपाटाच्या माथ्यावर तिला जाता यायला हवं, पण या वयात सांधे दुखत असतात, एका उडीत ते जमत नाही. म्हणून मध्ये एखादं स्टूल ठेवावं.

पहिली ओळख वासाची. पिल्लाच्या अंथरुणातलं फडकं तिच्या खोलीत एका कोपऱ्यात ठेवावं. मग दार बंद ठेवून दोघांना दोन बाजूंना एकाच वेळी जेवायला द्यावं. तिची ताटली सुरुवातीला दारापासून पाच-सहा फूट दूर असावी. तिने ती चाटूनपुसून संपवली तर दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. खाणं टाकून गेली तर पुन्हा मागे. अंतर मांजरीने ठरवायचं, आपण नाही. ताटली दाराशी पोचली की दाराऐवजी लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक लावावं. यात कधी आठवडे जातात, कधी महिने.

समोरासमोर आणताना पिल्लू खेळून दमलेलं आणि पट्ट्याला बांधलेलं असावं. मांजरीवरची नजर काढून त्याने आपल्याकडे पाहिलं की लगेच खाऊ द्यावा. मांजरीला कडेवर घेऊन ‘बघ, बाळ आलंय’ करू नये. पळायला वाट नसली की ती ओरबाडणारच. आणि ती पळालीच, तर पिल्लाला मागे धावू देऊ नये. पाठलागाची गोडी एकदा लागली की सोडवताना नाकी नऊ येतात.

ती फिसकारली म्हणून घाबरायचं कारण नाही, ‘लांब राहा’ एवढंच तिचं म्हणणं असतं. काळजी करावी ती गप्प बसलेल्या मांजरीची. दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर डॉक्टरांना दाखवावं, कारण काही दिवसांचा उपासही मांजराच्या यकृताला झेपत नाही. घरात बोका असेल आणि तो ट्रेमध्ये नुसताच कुंथत असेल, लघवी होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. ताणाने मूत्रमार्ग तुंबतो आणि त्यात जीव जाऊ शकतो.

आणखी एक, गोचिडांसाठी पिल्लाच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला विषारी. ती त्याच्या अंगाला घासली किंवा तिने त्याला चाटलं तरी बाधू शकतं, तेव्हा औषध घेताना घरात मांजर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.